"उरलं तर वापस घेऊ" : या तोंडी शब्दावर आपला खरीप किती दिवस चालवायचा?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण कपाशीचं बियाणं घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोघांनीही शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. बोरी अरब, लाडखेड, दारव्हा या भागातल्या कृषी केंद्रवाल्यांना यातलं काही लागेल. कंपनीवाल्यांना तर लागेलच. लागू द्या.

माझं इथं छोटं कृषी केंद्र आहे, घरची शेतीही आहे. म्हणजे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला माणूस आहे.

आधी 2023 चं सांगतो. त्या वर्षी मान्सून विदर्भात पोचायला जून संपत आला. मी एका कंपनीच्या एका वाणाची 400 पाकिटं उचलली होती. उचलताना कंपनीचा पोरगा दुकानात चहा पिऊन म्हणाला, "भाऊ, तुम्ही बिनधास्त भरा, उरलं तर सगळं वापस घेऊ." बिलावर यातलं एक अक्षर नव्हतं. पाऊस लांबला, बरेच जण सोयाबीनवर आणि तुरीवर गेले, आणि माझ्याकडे 112 पाकिटं उरली. जुलैत फोन केला तर उत्तर आलं, "वापसी फक्त पंधरा टक्के. गाडीभाडं तुमचं. खोका फुटलेला असेल तर चालणार नाही." पंधरा टक्के म्हणजे 60 पाकिटं. त्यांची क्रेडिट नोट आली दिवाळीनंतर, तीही रोख नाही, पुढच्या वर्षीच्या बिलात वळती करायची. उरलेली 52 माझ्या गळ्यात, म्हणजे चाळीस हजारांच्या वरचा माल.

कंपनीचं नाव विचारू नका. नाव घेतलं की भांडण त्या एका कंपनीशी होतं आणि बाकीच्या सुटतात. मला भांडायचं आहे ते या पद्धतीशी.

आता कोणी म्हणेल, धंद्यात असं होतंच. किराणावाल्याचं साबण उरतं, कपडेवाल्याच्या साड्या उरतात. बरोबर. पण साबण पुढच्या महिन्यात विकतो. साडी पोळ्याला नाही तर दिवाळीला कमी भावात निघते. बियाण्याचं तसं नाही. तपासणीच्या तारखेपासून साधारण नऊ महिन्यांची मुदत पाकिटावर छापलेली असते. मुदत संपली की ते विकणं गुन्हा आहे. पुन्हा तपासून, उगवण भरली तर मुदत वाढवता येते, पण ते कंपनीच्या हातात आहे, माझ्या नाही. माझ्यासाठी जुलै संपला की त्या पाकिटाची किंमत शून्य.

दुसरं म्हणजे विकायला मिळतात किती दिवस? गुलाबी बोंडअळीमुळे गेली काही वर्षं हंगामपूर्व लागवड थांबवायला शेतकऱ्याला बियाणं मे महिन्याच्या मध्याआधी विकू देत नाहीत. ते योग्यच आहे. पण त्यामुळे माझी सगळी विक्री मे अर्धा, जून आणि फार तर जुलैचा पहिला आठवडा एवढ्यातच बसवायची. मधे पाऊस दडी मारून बसला तर हंगाम निम्मा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. 2015 च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार दरवर्षी ती जाहीर करतं. 2025 साठी बीजी-2 च्या पाकिटाला 901 रुपये होती. भाजीवाला दहा पेंढ्या सडतील हे धरून बाकीच्यांचा भाव दोन रुपये वर लावतो, म्हणजे नुकसान भावात बसवतो. मला ते करता येत नाही, आणि करूही नये. मग उरलेल्या मालाचा धोका कुठे बसवायचा? फक्त एकाच जागी बसू शकतो: माझ्यात आणि कंपनीत वापसीचा जो करार आहे त्यात. आणि नेमका तोच करार चहाच्या कपावर तोंडी होतो.

आता हिशेब बघू. आकडे मी समजण्यापुरते गोल घेतो. कोणाचा खरा आकडा वेगळा असेल तर तो टाकून बघावा, पद्धत तीच राहते.

धरा, पाकीट मी 840 ला घेतो आणि 900 ला विकतो. सुटतात 60 रुपये. वापसी नसेल आणि एक पाकीट उरलं तर जातात 840. म्हणजे चौदा पाकिटं विकून जे कमावलं ते एका उरलेल्या पाकिटात गेलं.

त्या वाणाची माझ्या दुकानातली मागणी पावसावर अवलंबून 200 ते 600 पाकिटांच्या मधे कुठेही राहू शकते, सगळे आकडे सारखेच शक्य, असं धरा. मग मी किती भरू? प्रत्येक पुढच्या पाकिटामागे मी मनात हेच तोलतो: विकलं तर 60, उरलं तर उणे 840. ते पाकीट विकलं जाण्याची खात्री शंभरात 93 च्या वर असेल तोपर्यंतच ते भरणं मला परवडतं. 200 ते 600 मधे ती जागा येते सुमारे 227 पाकिटांवर. त्याच्या पुढे भरणारा दुकानदार शूर नाही, वेडा आहे.

म्हणून शेतकरी बंधूंनो, जूनमध्ये चांगला पाऊस पडल्यावर तुम्ही दुकानात येता आणि "तो नंबर संपला भाऊ" हे ऐकता, तेव्हा प्रत्येक वेळी दुकानदारानं माल दाबून ठेवलेला असतो असं नाही. दाबणारेही आहेत, मी नाकारत नाही. पण पुष्कळ वेळा त्यानं भरलेलाच नसतो. आणि मग तुम्ही काय करता? यवतमाळला जाता, तिथे पाकिटामागे जास्त पैसे देता. नाही तर कोणी तरी रात्री आणून दिलेलं बिनबिलाचं एचटीबीटी घेता, ज्याला ना परवाना, ना लॉट नंबर, ना तक्रारीची सोय. चोर बियाण्यावर धाडी पडतात, पेपरात फोटो येतात. पण दुकानात हवा तो माल का नव्हता, हे कोणी विचारत नाही.

आता कंपनीच्या बाजूनं बघू. धरा, बियाणं तयार करून, पॅक करून इथपर्यंत आणायला कंपनीला पाकिटामागे 450 लागतात. वापस आलेलं पाकीट ती तपासते, उगवण भरली तर पुढच्या हंगामात चालवते, नाही भरली तर फेकते. सरासरी काढली तर उरलेल्या पाकिटाची तिच्याकडे किंमत 150 धरू. माझ्याकडे तेच पाकीट शून्य आहे. तिच्याकडे प्रयोगशाळा आहे, थंड गोदाम आहे, दुसरा हंगाम आहे. माझ्याकडे आहे टिनाचं शेड आणि मे महिन्यातलं यवतमाळ जिल्ह्याचं ऊन. म्हणजे उरलेला माल तिच्याकडे जाण्यात अक्कल आहे. यात माया-दयेचा प्रश्नच नाही.

समजा कंपनीनं लेखी सांगितलं: उरेल तेवढं सगळं वापस घेऊ, पण पाकिटामागे 800 देऊ. म्हणजे उरलेल्या पाकिटामागे माझे 40 जातील, आणि विकलेल्यामागे 60 मिळतील. आता माझा हिशेब बदलतो. विकलं जाण्याची खात्री शंभरात 40 असली तरी पाकीट भरणं परवडतं. मी 227 ऐवजी 440 भरतो.

चांगला-वाईट पाऊस सगळा धरून सरासरी काढली तर 440 पैकी 368 विकली जातात आणि 72 उरतात. माझी कमाई वापसी नसताना साधारण 12,800 होती, ती होते 19,200. आणि कंपनीची? वापसी न देता ती माझ्या दुकानातून 88,500 कमावत होती. वापसीचा सगळा खर्च सोसूनही आता ती सुमारे 1,24,800 कमावते. छत्तीस हजार जास्त, एका बोरीच्या दुकानातून.

परत वाचा. वापसी देऊन कंपनीचा फायदा माझ्यापेक्षा जास्त वाढतो. म्हणून "आम्ही तुमच्यासाठी वापसी घेतो" हा जो उपकाराचा सूर आहे ना, तो बंद करा साहेब. उपकार कोणीच कोणावर करत नाही.

आता आपल्या दुकानदार भावांकडे वळतो, कारण चूक एकाच बाजूची नाही. संघटनेच्या बैठकीत आपण काय मागतो? "शंभर टक्के माल, शंभर टक्के पैशात वापस." टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत. पण हिशेब मांडा. पूर्ण 840 वापस मिळणार असतील तर उरलेल्या पाकिटात माझं काहीच जात नाही. मग मी 600 भरणार. भरायचे नाहीत कशाला? सरासरी 400 विकली जातील, 200 वापस. माझी कमाई 24,000 होते, पण कंपनीची 1,24,800 वरून 96,000 वर येते. दोघांची मिळून बेरीजही 1,44,000 वरून 1,20,000 वर उतरते. विक्री वाढली फक्त 32 पाकिटांनी, आणि त्यासाठी 128 पाकिटं जास्तीची यवतमाळ जिल्ह्यात येऊन तापून वापस गेली.

कंपनी हे किती वर्षं सोसेल? ती तोंडानं "पूर्ण वापसी" म्हणते आणि मागच्या दारानं वसूल करते. चालणाऱ्या नंबरच्या एका खोक्यामागे न चालणारे दोन खोके लावते. वापसीवर पंधरा टक्क्यांची मर्यादा घालते. क्रेडिट नोट दिवाळीपर्यंत लटकवते. हे सगळं आपण "कंपनीची बदमाशी" म्हणून सांगतो. बदमाशी आहेच. पण आपण जी अशक्य गोष्ट मागतो, तिच्यातूनच तिला हे निमित्त मिळतं.

क्रेडिट नोटचा उशीर म्हणजे काय ते रुपयात सांगतो. आपल्यातले बरेच जण हंगामात शेकडा दोननं पैसा उचलतात. 840 रुपये पाच महिने अडकले तर व्याज झालं 84. म्हणजे कागदावर "पूर्ण वापसी" आणि प्रत्यक्षात पाकिटामागे 84 ची कपात. या हिशेबानं मी 367 पाकिटं भरतो. उलट 40 रुपये लेखी कापून पैसे तीस दिवसांत दिले तर व्याजाचे सोळा-सतरा धरूनही मी जास्त भरतो आणि जास्त कमावतो. आपल्याला "शंभर टक्के" हा शब्द गोड लागतो, आणि तारखेकडे आपण बघत नाही.

याच कारणानं कपातीचा आकडा फार जपून ठरवावा लागतो. आपला नफाच शेकडा सात. समजा कंपनीनं 40 ऐवजी 140 कापले. ऐकायला काय, पाकिटाच्या किमतीच्या शेकडा सतरा. "एवढं तर चालेल," म्हणणारे निघतील. पण मग माझी भरती 440 वरून 320 वर येते. बियाण्याच्या धंद्यात वापसीचा दर म्हणजे दुचाकीचा ॲक्सिलेटर आहे, थोडा पिळला तरी गाडी कुठल्या कुठे जाते.

हे काही माझं डोकं नाही. वर्तमानपत्राच्या धंद्यात हा प्रश्न फार जुना आहे: सकाळी किती अंक घ्यायचे, उरलेल्यांचं काय करायचं. म्हणून शास्त्रात याला पेपरवाल्याचाच प्रश्न म्हणतात. 1985 मध्ये बॅरी पास्टरनॅक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं नाशवंत मालाच्या वापसीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं दाखवलं की वापसी अजिबात नसणं आणि सगळा माल पूर्ण पैशात वापस घेणं, दोन्ही साखळीच्या तोट्याचं. पुढची गोष्ट आपल्या फार कामाची आहे. "पूर्ण पैसे, पण अमुक टक्केच माल" अशी मर्यादा घातली तर ती प्रत्येक दुकानाच्या मागणीप्रमाणे वेगळी ठरवावी लागते. सगळ्यांना एक टक्का लावला की कोणाला तरी चुकीचाच बसतो. पण "सगळा उरलेला माल, थोडे कमी पैसे" हा दर मागणी कशीही असो, सगळ्या दुकानांना एकच चालतो.

माझं उदाहरण तपासून बघा. 60 आणि 40 चा हिशेब करताना मला 200 ते 600 हे आकडे लागलेच नाहीत, ते फक्त किती पाकिटं हे काढायला लागले. म्हणजे यवतमाळच्या मोठ्या दुकानाला आणि बोरीच्या माझ्या टिनाच्या शेडला दर एकच. पंधरा टक्क्यांचा नियम मात्र मोठ्या दुकानाला पुरतो आणि मला मारतो. कारण त्याच्याकडे पन्नास गावांचा शेतकरी येतो. एका गावात पाऊस नाही पडला तर दुसऱ्यात पडतो, त्याची मागणी फार हलत नाही. माझ्याकडे आजूबाजूची चार-पाच गावं. पाऊस चुकला तर सगळ्यांचा एकदम चुकतो.

आता दुसरा रस्ता, ज्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही: विक्रीतला हिस्सा. अमेरिकेत सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं देणारी ब्लॉकबस्टर नावाची दुकानं होती. एक कॅसेट त्यांना साधारण 65 डॉलरला पडायची. नवीन सिनेमा आला की सुरुवातीला झुंबड आणि मग शुकशुकाट, म्हणून दुकानं थोड्याच कॅसेटी घ्यायची आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जायचं. 1998 च्या सुमारास करार बदलला. कॅसेट सुमारे 8 डॉलरला मिळू लागली आणि भाड्यातला ठरलेला हिस्सा सिनेमा कंपनीला जाऊ लागला. मग दुकानात कॅसेटींचा तुटवडा राहिला नाही.

हेच कपाशीला लावा. पाकिटामागे आधी 40 रुपये द्यायचे. विकलं गेलं की 900 पैकी 800 कंपनीला, 100 माझ्याकडे. म्हणजे विकलं तर मला 60 सुटले आणि नाही विकलं तर माझे 40 गेले. 840 ला घेऊन 800 ला वापस देण्याशी तंतोतंत सारखं. नफा तोच, धोका तोच. फरक एकच: पहिल्या पद्धतीत 440 पाकिटं उचलायला मला हंगामाआधी 3,69,600 रुपये उभे करावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत 17,600.

मी हे दारव्ह्याच्या एका जुन्या दुकानदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "काहून कंपनी देईन बापा असं? आपण विकलेलं नाई विकलं म्हटलं तं?" अगदी खरी अडचण. हिश्श्याचा करार विश्वासावर नाही, मोजमापावर चालतो. विकलेलं पाकीट लपवून दुकानदार कंपनीचे 800 दाबू शकतो. म्हणून कंपन्या आधी पैसे घेतात. वापसीत लपवता येत नाही, कारण वापसीला पाकीट हातात द्यावं लागतं.

पण हीच अडचण आता सुटू शकते. केंद्र सरकारनं 2023 मध्ये बियाण्यासाठी साथी पोर्टल सुरू केलं आहे. बियाणं कुठून निघालं, कुठल्या लॉटचं, कोणाकडे गेलं याची नोंद त्यावर ठेवायची, हा त्याचा हेतू. खताची विक्री तर पॉस मशीनवर कधीपासून होतेच. या नोंदींना आपण दुकानदार विरोध करतो. नेट चालत नाही, जूनच्या गर्दीत कोण अंगठे घेत बसेल. अडचण खरी आहे, मीही बोंबललो आहे. पण विचार करा: नोंद पक्की झाली तर "कंपनीनं विक्रीनंतर पैसे घ्यावेत" हे मागायला आपल्याकडे पुरावा येतो. आपण नोंदीचा फक्त त्रास घेतो आणि तिच्या बदल्यात काहीच मागत नाही.

दोन ठिकाणी हा हिशेब जसाच्या तसा चालत नाही, तेही सांगतो. सोयाबीनचं बियाणं नाजूक. चुंगडी नीट न आदळता ठेवली नाही, उन्हात राहिली, तर उगवण झपाट्यानं उतरते. कंपनीकडे वापस गेलेल्या सोयाबीनची किंमत कपाशीपेक्षा कमीच राहणार, औषध लावलेलं असेल तर ते दाणा म्हणूनही विकता येत नाही. तिथे वापसीचा दर कमी असणार, आणि तो तसा असणं अन्याय नाही. आणि दुसरं, बियाणं उगवलंच नाही ही तक्रार वेगळी. ती वापसीच्या दरात मिसळू देऊ नका. तिथे कपात-बिपात काही नाही, ती कंपनीची पूर्ण जबाबदारी.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा माझ्या स्वतःच्या अंगावर येणारा आहे.

2023 च्याच जुलैत एक शेतकरी दुकानात आला. तीन एकरासाठी सहा पाकिटं नेली होती, चार लावली, पाऊस लांबला म्हणून उरलेल्या एकरात तूर टाकली. दोन पाकिटं सीलबंद, बिलासकट. म्हणाला, "भाऊ, वापस घेता का? दोन-चारशे कमी द्या, पण घ्या." मी काउंटरवर लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं: "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." तो काही बोलला नाही. पाकिटं पिशवीत टाकली आणि गेला.

त्याच आठवड्यात मी फोनवर कंपनीला शिव्या घालत होतो की माझी 112 पाकिटं का घेत नाही.

सांगा, फरक काय होता? तोच पाऊस, तेच वाण, तेच सीलबंद पाकीट. धोक्याची वाटणी कंपनीपासून सुरू होते, दुकानात येऊन थांबते, आणि उरलेला सगळा धोका ज्याच्याकडे ना गोदाम ना क्रेडिट नोट त्याच्या पिशवीत जातो. दुबार पेरणीचा खर्च तर त्याचाच. निदान न फोडलेल्या पाकिटाचा तरी नसावा. आणि ती दोन पाकिटं पुढच्या वर्षी तो लावणार, मुदत गेलेली, कारण सतराशे रुपये फेकवत नाहीत. उगवली नाहीत की पुन्हा त्याचंच नुकसान. माझ्या त्या 52 पाकिटांचंही सांगतो. पुढच्या मे महिन्यात त्यांच्याकडे बघून मोह झाला होता. विकली नाहीत. पण सगळ्यांनाच तेवढं परवडेल असं मी छातीठोक सांगणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. पुढच्या हंगामाच्या बुकिंगआधी या लेखी झाल्या पाहिजेत.

1. वापसीचा दर रुपयात, बिलावर छापलेला. सगळा सीलबंद उरलेला माल, टक्केवारीची मर्यादा नाही, आणि दर एवढा की दुकानदाराचंही थोडं जाईल. थोडं जाणं गरजेचं आहे, नाही तर आपण डोळे झाकून भरतो.

2. वापसीची शेवटची तारीख कॅलेंडरवर नाही, पेरणीवर. पाऊस लांबला की तारीख आपोआप लांबावी.

3. माल पोचल्यापासून तीस दिवसांत पैसे. त्यानंतर व्याज. "पुढच्या बिलात वळते" चालणार नाही.

4. चालणाऱ्या नंबरसोबत दुसरा माल गळ्यात मारणं बंद. ज्या दिवशी पहिल्या तीन गोष्टी लेखी होतील, त्या दिवशी कंपनीकडे त्यासाठी निमित्तही उरणार नाही.

5. आणि दुकानदारांनी, म्हणजे आपण, शेतकऱ्याकडून सीलबंद पाकीट बिल बघून ठरलेल्या दरानं वापस घ्यायचं. आपली तारीख कंपनीच्या तारखेच्या आठ दिवस आधी ठेवली तर आपल्यालाही पुढे पाठवता येतं.

पाचवी मागणी कोणी मान्य करो न करो, मी माझ्यापुरती सुरू करतोय. काउंटरवरची ती पाटी मी काल काढली. तिच्या जागी लिहिलंय: "सीलबंद कपाशीचं पाकीट, बिलासह, ठरलेल्या तारखेपर्यंत 50 रुपये कापून वापस घेतलं जाईल." कंपनीनं नाही घेतलं तर माझे जातील. जाऊ द्या, पण आता मी कंपनीला वापसीसाठी फोन करीन तेव्हा माझी मान खाली नसेल.

दुकानदार भावांनो, तुमच्याकडे वापसीची लेखी अट असलेलं एखादं जरी बिल असेल तर त्याचा फोटो खाली टाका, कंपनीचं नाव झाकून. नसेल तर "नाही" एवढंच लिहा. किती "नाही" येतात ते मोजू, आणि तेवढा कागद घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊ.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरी न फोडलेली किती पाकिटं पडून आहेत, तेही लिहा. मुदत संपली असेल तर लावू नका, बापा.

— बोरी अरबचा एक कृषी केंद्रवाला